चहावरची मुलाखत: वाशी-ठाण्याच्या उमेदवारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्हावा शेवा बंदर जवळ असल्यामुळे वाशी, तुर्भे, बेलापूर या पट्ट्यात फ्रेट फॉरवर्डर आणि कस्टम ब्रोकर यांची ऑफिसं भरपूर आहेत. त्यातली बरीचशी आठ-दहा माणसांची. तिथे वेगळी मीटिंग रूम नसते, असली तर तिच्यात फायलींचे गठ्ठे असतात. मग मालक किंवा डॉक्युमेंटेशनचा प्रमुख उमेदवाराला खालच्या उडुपी हॉटेलात बोलावतो. मी याच धंद्यासाठी माणसं शोधून देण्याचं काम करते. माझ्याकडच्या मुलामुलींचे प्रश्न पुन्हा पुन्हा तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवते आहे.

सोयीसाठी सगळीकडे एकच उदाहरण धरू. घणसोलीच्या एका फर्ममध्ये चार वर्षं इम्पोर्ट डॉक्युमेंटेशन करणारी मुलगी, ठाण्याला नौपाड्यात राहणारी. तिला वाशीच्या दुसऱ्या फर्मच्या मॅनेजरचा फोन आला: "शनिवारी चारला सेक्टर १७ मध्ये भेटू, चहा घेऊ, बोलू."

"चहा घेऊ, बोलू" म्हणाले. ही मुलाखत आहे की नुसती ओळख?

बोलावणाऱ्याच्या हातात नोकरी देणं असेल तर मुलाखतच. तुमचा रेझ्युमे त्यांनी वाचलेला असतो, बिल ऑफ एंट्री भरता येतं हे त्यांना कळलेलं असतं. त्यांना बघायचं असतं ते वेगळंच. कंटेनर अडकला की पार्टी फोनवर ओरडते, शिपिंग लाइनचा माणूस फोन उचलत नाही, यार्डातला क्लार्क "उद्या या" म्हणतो. अशा वेळी ही व्यक्ती कशी बोलेल? ते केबिनमध्ये नीट दिसत नाही. गजबजलेल्या हॉटेलात, ऑर्डर चुकीची आली, शेजारच्या टेबलावर लहान मूल रडतंय, अशा गोंगाटात बरंच दिसतं.

फोनवरच दोन गोष्टी विचारून घ्या: "रेझ्युमेची प्रत आणू का?" आणि "तुमच्यासोबत आणखी कोणी असणार आहे का?" पहिल्याचं उत्तर "आणा" असं आलं तर शंका उरत नाही. दुसऱ्याचं उत्तर "आमचे पार्टनरही येतील" असं आलं तर तयारी त्यांचीही करावी लागते.

जागा आणि वेळ मी सुचवू शकते का?

खुशाल. आमच्या उदाहरणातल्या मुलीने वाशीच मान्य केली ते बरं झालं. ऐरोली, महापे, घणसोलीच्या आयटी पार्कांभोवतीच्या हॉटेलांत दुपारी ओळखीचं माणूस भेटणार नाही असं होतच नाही, आणि तुमचा आताचा टीम लीडर पलीकडच्या टेबलावर बसलेला असेल तर इडली घशाखाली उतरणार नाही.

रविवार शक्यतो टाळा, मेगाब्लॉकमध्ये ट्रान्सहार्बर बंद असली की ठाण्याहून वाशी गाठताना दमछाक होते. एरवी लोकलने साधारण अर्धा तास. वेळ चारची सुचवली तर उत्तम, कारण जेवणाची गर्दी ओसरलेली असते आणि संध्याकाळची सुरू व्हायची असते. दहा मिनिटं आधी पोहोचा, पण आत जाऊन ऑर्डर देऊन बसू नका. बोलावणारा आल्यावर सोबत आत जा. बसायला भिंतीकडचं टेबल मागा. हात धुण्याच्या बेसिनसमोर आणि स्वयंपाकघराच्या दाराशी बसलात तर अर्धं वाक्य भांड्यांच्या आवाजात जातं.

काय मागवावं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त गफलतही इथेच होते.

ज्याला एकाच हाताने, चमच्याने, छोट्या घासात खाता येतं आणि जे पाच मिनिटं तसंच पडून राहिलं तरी बिघडत नाही, ते मागवा. तुम्ही तिथे बोलायला गेला आहात. प्रश्न कधी येईल ते तुमच्या हातात नसतं, तो बहुतेक वेळा घास तोंडात गेल्यावरच येतो. इडली या कसोटीला उतरते: चमच्याने तुटते, गार झाली तरी चालते, थांबून दोन मिनिटं बोललात तरी ती तशीच असते. उपमा, शिरा हेही चालतात. सांबार वेगळ्या वाटीत मागा.

मसाला डोसा दिसायला सोपा वाटतो. पण तो ताटलीबाहेर येतो, तोडायला दोन्ही हात लागतात, बटाट्याची भाजी बाहेर पडते आणि बोलण्यात पाच मिनिटं गेली की कुरकुरीतपणा जाऊन चामड्यासारखा होतो. मेदूवड्यावर चमचा दाबला की तो निसटतो आणि सांबार समोरच्याच्या शर्टापर्यंत पोहोचतं. टोस्ट सँडविचमधून काकडी-टोमॅटो सरकून बाहेर येतात. पावभाजीने बोटं लोण्याची होतात आणि मग रेझ्युमेची प्रत पुढे करता येत नाही. मिसळीचं तर नावच नको. ठाणेकरांना मामलेदारच्या मिसळीचा अभिमान असावाच, पण तर्रीने नाक वाहू लागलेल्या माणसाने "माझा अनुभव चार वर्षांचा आहे" हे सांगायचं कसं?

समोरच्याने नुसता चहा मागवला तर तुम्हीही चहाच घ्या. म्हणून घरून थोडं खाऊन निघा. पोटात कावळे ओरडत असताना नुसत्या चहावर पाऊण तास शांतपणे बोलणं कठीण जातं.

आणि "काय घेणार?" याचं उत्तर "काहीही" देऊ नका. ते नम्र वाटतं, पण ठरवण्याचं काम पुन्हा समोरच्यावर पडतं. "चहा, साखर कमी" एवढं सांगितलं की पुरे. आपल्याकडे आग्रह होणारच. "अहो, काहीतरी खा" असं दुसऱ्यांदा म्हणाले तर "एक इडली चालेल" म्हणून विषय संपवा. तिसऱ्यांदा नाही म्हणत बसलात तर मुलाखतीऐवजी पाहुणचाराचीच ओढाताण सुरू होते.

दुपारच्या जेवणाला बोलावलं असेल तर?

थाळी टाळा, निदान ती अनलिमिटेड असेल तर. वाढपी दर दोन मिनिटांनी "भाजी? आमटी? पोळी?" करत येतो आणि प्रत्येक वेळी बोलणं तुटतं. साधी राइस प्लेट, दालखिचडी, पुलाव किंवा दहीभात बरा. मालवणी ठिकाणी नेलं तर काट्यांचा मासा नको. बोंबील फ्राय किंवा कोळंबी घ्या. पदार्थ किमतीने मध्यम असावा, आणि समोरच्याने आधी सांगितलं तर त्याच्या आसपासचाच.

जेवताना एक युक्ती उपयोगी पडते. एकदा तुम्ही बोलता, एकदा तुम्ही विचारता. "तुमच्याकडे चेकलिस्ट पार्टीला कोण पाठवतं?" असा प्रश्न टाकला की समोरचा तीन-चार मिनिटं बोलतो, तेवढ्यात तुमचे चार घास होतात. आणि तोंडात घास असताना प्रश्न आलाच तर घाई न करता हाताने "एक क्षण" सांगा, गिळा, पाणी प्या आणि बोला. भरल्या तोंडाने दिलेल्या झटपट उत्तरापेक्षा ते थांबणं केव्हाही बरं दिसतं.

माझा उपवास आहे. किंवा मी मांसाहार करत नाही, समोरचे करतात. काय सांगू?

एका वाक्यात सांगा, कारणमीमांसा नको. "आज चतुर्थी आहे, मी फक्त चहा घेते" म्हटलं की वाशीतल्या कोणालाही पुढे काही समजावून सांगावं लागत नाही. साबुदाणा वडा मिळत असेल तर तो घ्या, पण समोरच्याला त्याच्या ताटातलं बघून तोंड वाकडं केलेलं दिसता कामा नये. संध्याकाळच्या भेटीत बिअर विचारली गेली तर "लिंबू सोडा चालेल". पीत असलात तरी हेच सांगा.

चहा बशीत ओतून प्यायला तर वाईट दिसतं का?

समोरचे पंचावन्नचे मालक स्वतः बशीने पीत असतील तर मुळीच नाही. नाहीतर कपानेच प्या. बिस्किट मात्र बुडवू नका. ते तुटून तळाला जातं आणि पुढची पाच मिनिटं तुमचं लक्ष कपात अडकतं.

वेटरशी कसं बोलायचं?

जसं यार्डातल्या क्लार्कशी बोलाल तसं, कारण मॅनेजर तेच बघत असतो. "ए", "शुक शुक", चुटकी, काही नाही. "दादा" म्हणा, उडुपीत "अण्णा" चालतं. हात थोडा वर केला की तो येतो. ऑर्डर चुकीची आली तर "दादा, मी बिनसाखरेचा सांगितला होता, बदलून मिळेल का?" एवढंच. गोड चहा निमूट पिऊन टाकण्याची गरज नाही. चुकीचं बिल आलं तर हा माणूस बोलेल की गप्प राहील, याचाही अंदाज त्यावरून घेतला जातो. इतक्या छोट्या गोष्टीवरून माणूस ओळखणं अन्यायाचं आहे असं कोणी म्हणेल, पण होतं तसं.

गावाबद्दल, घराबद्दल, लग्नाबद्दल विचारलं तर?

"मूळ गाव कुठलं?" हा प्रश्न आपल्याकडे हवापाण्यासारखा येतो. "सावंतवाडी, पण जन्मापासून ठाण्यात" एवढं सांगायला हरकत नाही, त्याने गप्पा सुरू होतात. अडचण पुढे येते. "लग्न कधी?", "सासर लांब असेल का?", "मूल झाल्यावर करणार ना नोकरी?"

विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा कामाचीच एखादी काळजी असते: उशिरापर्यंत थांबेल का, वर्षभरात सोडून जाईल का. त्या काळजीचं उत्तर द्या, प्रश्नाचं नको. "महिनाअखेरीला उशीर होतो हे मला माहीत आहे. आता घणसोलीलाही आठ-साडेआठ वाजतात. दोन वर्षं तरी इथे काम करायच्या विचाराने मी आले आहे." बहुतेकांना एवढं पुरतं. त्यानंतरही तोच प्रश्न पुन्हा आला तर "घरचं मी बघून घेते" म्हणून थांबा. आणि ती फर्म कशी आहे हे तुम्हालाही कळलं असं समजा.

राजकारण, जात, आरक्षण, सोसायटीतली भांडणं या विषयांवर समोरचा बोलला तर ऐकून घ्या, मत देऊ नका. लोकलची गर्दी आणि घोडबंदर रोडचं ट्रॅफिक यावर मनसोक्त बोला, त्यावर दोन मतं नाहीत.

आताच्या कंपनीच्या पार्ट्या आणि रेट विचारले. सांगायचे का?

नाही. चहामुळे जीभ सैल होते, आणि चहाला बोलावण्यामागे कधी कधी तेवढाच हेतू असतो. पण नुसतं "सांगता येणार नाही" म्हणून गप्प बसलात तर तुमच्याकडे सांगण्यासारखं काम नाही असं वाटतं. नावं आणि आकडे झाकून काम उघडं करायचं. आमच्या उदाहरणातला संवाद असा झाला असं धरू:

"सध्या कुणाचं क्लिअरन्स करता? रेट काय लावता?"

"पार्ट्यांची नावं आणि रेट मला सांगता येणार नाहीत, साहेब. काम कसलं आहे ते सांगते. जास्त करून रसायनं आणि मशिनचे सुटे भाग. महिन्याला साठ-सत्तर बिल ऑफ एंट्री माझ्या हाताखालून जातात."

"अडचणी काय येतात?"

"मागे एका मालाच्या पॅकिंग लिस्टमधलं वजन आणि बिल ऑफ लेडिंगमधलं वजन जुळत नव्हतं. चेकलिस्ट पार्टीला मंजुरीसाठी पाठवण्याआधीच माझ्या लक्षात आलं. परदेशातल्या शिपरकडून दुरुस्त पॅकिंग लिस्ट मागवली, ती यायला एक दिवस गेला, मग बिल ऑफ एंट्री फाइल केलं. तसंच फाइल केलं असतं तर कस्टम्सची क्वेरी निघाली असती, कंटेनर अडकला असता आणि शिपिंग लाइनचे फ्री दिवस उलटून डिटेन्शन लागलं असतं."

या उत्तरात एकही नाव नाही, रेट नाही. पण मॅनेजरला जे हवं ते सगळं आलं: कागद तपासायची सवय आहे, एक दिवसाचा उशीर पत्करून मोठा खर्च टाळायची समज आहे, आणि उद्या ही मुलगी आपल्या पार्ट्यांची नावं दुसऱ्याच्या टेबलावर सांगणार नाही. जेवणाला जाण्याआधी अशा दोन घटना मनात तयार ठेवा. प्रत्येकी दोन मिनिटांच्या, जास्त नाही.

प्रश्न सलग पार्ट्या, रेट आणि "तुमच्यासोबत कोणती पार्टी येईल?" याभोवतीच फिरत राहिले आणि कामाबद्दल एकही आला नाही, तर त्यांना माणूस नकोय, तुमच्या पार्ट्या हव्या आहेत. चहा संपवा, नमस्कार करा, निघा.

आताच्या बॉसबद्दल तक्रारी नकोत हेही यातच आलं. "का सोडताय?" याला "इथे मी फक्त इम्पोर्ट बघते, एक्स्पोर्टचं कामही शिकायचं आहे" असं पुढे बघणारं आणि खरं असलेलं उत्तर द्या.

पगाराचं बोलणं खाताना काढावं का?

तुम्ही आपणहून काढू नका, पण विचारलं तर टाळूही नका. एक आकडा सांगा आणि तो हातात येणारा की सीटीसी, हे त्याच वाक्यात सांगा. घोळ इथेच होतो. समजा "महिन्याला बेचाळीस देऊ" असं ते म्हणाले. तो आकडा सीटीसी असेल, त्यात कंपनीचा पीएफचा वाटा धरलेला असेल आणि मूळ पगार २१,००० असेल, तर १२ टक्क्यांनी कंपनीचा वाटा २,५२० होतो. तो वजा करून ३९,४८० उरतात. त्यातून तुमचा तेवढाच पीएफ आणि २०० रुपये व्यवसाय कर गेला की हातात ३६,७६० येतात. सीटीसीत ग्रॅच्युइटीही धरली असेल तर आणखी कमी.

हा हिशेब टिश्यू पेपरवर मांडत बसू नका. "बेचाळीस म्हणजे सीटीसी ना? मग ब्रेकअप ईमेलवर मिळाला तर बघून सांगते." नोटीस पिरियड किती दिवसांचा आहे ते मात्र तिथेच खरं सांगा. साठ दिवसांचे तीस सांगून कोणाचंच भलं होत नाही.

बिल कोण देतं?

ज्याने बोलावलं तो. बिल आलं की एकदा "मी देऊ का?" म्हणा. "नाही नाही" आलं की "थँक्यू सर" म्हणून थांबा. काउंटरवर पाकिटं ओढण्याची आपली जुनी खोड इथे नको, आणि "हात धुऊन येतो" म्हणून गुपचूप पैसे भरून येणं तर नकोच. समोरच्याला ते लाच दिल्यासारखं वाटू शकतं. चारशेच्या बिलाची अर्धी वाटणी करायला कोणी सांगितलंच तर शांतपणे यूपीआय करून टाका.

"नोकरी पक्की, फक्त ट्रेनिंगचं डिपॉझिट आत्ता भरा" असं चहाच्या टेबलावर कोणी म्हणालं तर एक रुपयाही देऊ नका. ती फसवणूक असते, मग समोरच्याचं व्हिजिटिंग कार्ड कितीही चकचकीत असो.

संध्याकाळी उशिरा किंवा लॉजच्या रेस्टॉरंटमध्ये बोलावलं तर?

मुलींनो, बदला. "मला साडेपाचपर्यंत जमेल, स्टेशनजवळ भेटू या" हे मागणं अगदी रास्त आहे. खोलीवर बोलावलं तर जाऊ नका, कारण देण्याचीही गरज नाही. घरच्या कोणाला तरी ठिकाण आणि वेळ कळवून ठेवा.

भेटीत कोणी अंगचटीला आलं किंवा घाणेरडं बोललं तर "मी अजून त्यांच्याकडे नोकरीला नाही, तक्रार कशी करणार?" असं वाटतं. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात तक्रार करणारी स्त्री तिथे नोकरीला असलीच पाहिजे अशी अट नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून लहान ऑफिस असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. वाशी, बेलापूर, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर-पनवेल मात्र रायगडमध्ये. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. त्यामुळे बोलावण्याचे मेसेज पुसून टाकू नका.

भेटीनंतर काय पाठवायचं?

त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी चार ओळी, ज्या नंबरवरून किंवा ईमेलवरून बोलावणं आलं तिथेच. नमुना:

"नमस्कार सर, काल वेळ दिल्याबद्दल धन्यवाद. एक्स्पोर्टचं काम पहिल्या सहा महिन्यांत शिकायला मिळेल असं आपण म्हणालात, त्यात मला रस आहे. माझा नोटीस पिरियड साठ दिवसांचा आहे. पगाराचा ब्रेकअप ईमेलवर मिळाला की दोन दिवसांत कळवते."

इडली छान होती वगैरे लिहू नका. फुलांचं गुड मॉर्निंग तर त्या नंबरवर कधीच नको. आठवडाभरात काही आलं नाही तर एकदा फोन करा, सकाळी अकरानंतर. सोमवार टाळा, शनिवार-रविवारची तुंबलेली कामं उपसण्यात त्या दिवशी कोणाला बोलायला फुरसत नसते.